गोल चकतीच्या आत किती गरम?

धातूची एक गोल चकती घ्या. तिच्या कडेचा वरचा अर्धा भाग वाफेत, 100 अंशांवर. खालचा अर्धा वितळत्या बर्फात, शून्यावर. दोन्ही पृष्ठभागांवर असं वेष्टण, की उष्णता तिथून निसटू नये. बराच वेळ गेला की आतलं तापमान बदलायचं थांबतं. आता केंद्रापासून सरळ वर, अर्ध्या त्रिज्येवर बोट ठेवा. तिथे किती अंश? त्रैराशिक मांडणारा 75 म्हणेल. तो चुकेल.

चकती गोल, म्हणून जागा सांगायची ती केंद्रापासूनचं अंतर r आणि कोन θ यांनी. त्रिज्या 1 धरू. स्थिर तापमान लाप्लासचं समीकरण पाळतं. ते सोडवण्याची युक्ती अशी, की तापमान म्हणजे फक्त r च्या आणि फक्त θ च्या अशा दोन राशींचा गुणाकार आहे असं धरून चालायचं. मग समीकरणाच्या एका बाजूला सगळं r चं आणि दुसऱ्या बाजूला सगळं θ चं जमा होतं. r बदलला तरी θ ची बाजू हलत नाही, म्हणून दोन्ही बाजू एकाच स्थिरांकाएवढ्या असल्या पाहिजेत.

हा स्थिरांक मनाला येईल तो घेता येत नाही. चकतीला एक फेरी मारून आलो की तापमान पुन्हा तेच हवं. म्हणून कोनाचा भाग sin nθ किंवा cos nθ असतो, आणि n पूर्णांकच. अंतराच्या भागाला rⁿ आणि r⁻ⁿ अशी दोन उत्तरं मिळतात (n शून्य असेल तर दुसरं log r). दुसरं केंद्रापाशी अनंत होतं, तेव्हा ते टाकून द्यायचं. नवशिके नेमकं हेच विसरतात. चकतीला मध्ये भोक असतं, तर मात्र तेही ठेवावं लागलं असतं.

उरलेल्या तुकड्यांची बेरीज कडेच्या तापमानाशी जुळवली की मिळतं:

u = 50 + (200/π) (r sin θ + r³ sin 3θ / 3 + r⁵ sin 5θ / 5 + …)

आपल्या बिंदूवर r = 1/2, θ = 90 अंश. पहिल्याच पदानं 81.8 येतात, दुसऱ्यानं 79.2, तिसऱ्यानं 79.6, पुढे आकडा 79.5 वर ठरतो. अर्ध्याचा पाचवा, सातवा घात इतका लहान, की आत शिरताना कडेवरचे बारीक चढउतार विरून जातात. केंद्रावर उरतात 50, म्हणजे कडेची सरासरी.

कडेजवळ मात्र जपून. तिथे r जवळजवळ 1, त्यामुळे पदं सावकाश घटतात. शून्य आणि 100 जिथे भिडतात त्या सांध्यापाशी, कितीही पदं घेऊन थांबलात, तरी कडेवर सुमारे 109 अंश दिसतात. आत कुठेही 100 च्या वर किंवा शून्याखाली तापमान जाऊच शकत नाही, म्हणून असा आकडा दिसला की तो बेरीज अर्धवट सोडल्याचा दोष समजावा.

चकती तांब्याची की लोखंडाची, हे मी सांगितलंच नाही. कारण सूत्रात धातूला जागाच नाही. तांब्याची चकती लवकर स्थिर होईल, लोखंडाची उशिरा, 79.5 अंश दोन्हींत.