अटींशिवाय होकार कसा लिहायचा?

मुलाखत चांगली झाली की दोन दिवसांत एचआरचा फोन येतो. ‘तुमची निवड झाली आहे, पॅकेज सहा लाख. ऑफर लेटर प्रोसेसमध्ये आहे, तोवर आजच अ‍ॅक्सेप्टन्सचा मेल टाका.’ उमेदवार आनंदात लिहायला बसतो आणि अडतो. पद, पगार, रुजू होण्याची तारीख, यातलं लेखी काहीच हातात नसतं. मग तो कुणाच्या तरी जुन्या पत्रातला ‘सर्व अटी मान्य आहेत’ हा मजकूर उतरवून काढतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

सहा लाखांचंच घ्या. ऐकणारा महिन्याला पन्नास हजार धरतो. प्रत्यक्षात हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. समजा मूळ पगार वर्षाला तीन लाख आहे आणि पूर्ण मूळ पगारावर पीएफ कापला जातो. मग कंपनीचा पीएफ ३६,००० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १४,४०० रुपये, आणि कामगिरीवर अवलंबून असलेले समजा ६०,००० रुपये, हे सगळं त्या सहा लाखांतच मोजलेलं असतं. तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की महिन्याला हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास उरतात. न वाचता दिलेल्या होकारात हा फरक कुठेच दिसत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. कलम २९ म्हणतं की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार शून्य ठरतो. म्हणजे अटीच माहीत नसताना पाठवलेल्या होकाराच्या बळावर पुढे दाद मागणं अवघड असतं. आणि त्याच होकारावर हातची नोकरी सोडली असेल, तर नुकसान तुमचं एकट्याचं.

म्हणून मेल पाठवायचा, पण तो असा:

‘आपल्या फोनबद्दल मनःपूर्वक आभार. या पदावर काम करण्यास मी उत्सुक आहे. पद, कामाचं ठिकाण, पगाराचा तपशील, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन आणि नोटिस पीरियड यांचा उल्लेख असलेलं ऑफर लेटर कृपया पाठवावं. ते वाचून दोन दिवसांत माझा अंतिम निर्णय कळवेन. सध्याच्या नोकरीत मला ६० दिवसांची नोटिस द्यावी लागते, ती ऑफर लेटर मिळाल्यावरच देता येईल.’

यात उत्साह आहे, नकार नाही, पण होकारही दिलेला नाही. तारीख ठाऊक नसेल तर अंदाजाने टाकू नका. ६० दिवसांची नोटिस असताना ‘एक तारखेला हजर होतो’ असं लिहून बसलात, तर नोटिसचे उरलेले दिवस पगारातून भरून द्यायची वेळ येते.

एवढा मेल गेल्यावर बहुतेक कंपन्या पत्र पाठवतात. पुन्हा पुन्हा मागूनही कुणी लेखी देत नसेल, तर राजीनामा लिहू नका.