भाडं नाही, करार नाही: आत्याच्या घरात राहणारा भाचा कोण?

विलेपार्ल्यात एका निवृत्त शिक्षिकेचा स्वतःच्या कमाईतून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, असं समजू. गुडघे दुखू लागले तशी ती मुलीकडे नागपूरला राहायला गेली. त्याच सुमारास चिपळूणहून भावाचा मुलगा नोकरीसाठी मुंबईत आला. "घर बंदच आहे, राहा तिथं. तुझीही सोय होईल आणि घरालाही जाग राहील," असं आत्या म्हणाली. तिनं किल्ली दिली. कागद झाला नाही, भाड्याचा विषयही निघाला नाही. भाचा विजेचं बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स भरू लागला. पुढे त्याचं लग्न झालं, मूल झालं, रेशनकार्डावर आणि आधारवर तोच पत्ता आला. अशी चौदा वर्षं गेली. आता आत्याला उपचारांसाठी घर विकायचंय आणि भाचा म्हणतो, "आत्या, इतकी वर्षं मी इथं राहतोय, माझाही काही हक्क आहे."

माणसं कल्पित असली तरी हा प्रसंग मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही वकिलाला ओळखीचा वाटेल. इथे दोन्ही बाजूंच्या मनात एकच गैरसमज असतो. भाच्याला वाटतं, इतक्या वर्षांत आपण निदान भाडेकरू तरी झालो असू. आत्यालाही तीच भीती असते. कायद्याचं उत्तर मात्र बरंच स्पष्ट आहे. भाचा मालकाच्या परवानगीनं राहणारा माणूस आहे आणि ती परवानगी मागे घेता येते.

भाडेकरार, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा, कशाला म्हणायचं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये सांगितलं आहे. त्यात घराच्या उपभोगाचा हक्क काही काळापुरता दुसऱ्याकडे जातो आणि त्या हक्काच्या बदल्यात काही मोबदला दिला जातो किंवा द्यायचं कबूल केलं जातं. हक्क भाडेकरूकडे जातो, म्हणून मुदतीपुरतं तो मालकालाही दाराबाहेर ठेवू शकतो. याउलट १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम ५२ परवानगीबद्दल बोलतं. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणं, ते करण्याची दिलेली मुभा म्हणजे परवानगी. त्या मुभेतून घरात कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. आत्यानं किल्ली दिली तेव्हा हक्क तिच्याकडेच राहिला. भाच्याला मिळालं ते एवढंच, की त्याचं तिथं राहणं अतिक्रमण ठरत नाही.

यावर भाच्याचा वकील म्हणेल, की किल्ली एकट्या भाच्याकडे होती, आत्या चौदा वर्षांत चारदा आली असेल, म्हणजे कब्जा पूर्णपणे त्याचाच होता. हा मुद्दा उगाच काढलेला नसतो. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे की एकट्याचा कब्जा ही भाडेपट्ट्याची एक खूण आहे. पण त्याच निकालात हेही आहे की शेवटी पाहायचा तो दोन्ही पक्षांचा हेतू, आणि परिस्थिती वेगळं सांगत असेल तर त्या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. नातं ही अशीच परिस्थिती. आत्यानं भाच्याला ठेवलं ते मायेपोटी, व्यवहार म्हणून नव्हे. भाडं ठरलं नाही, मुदत ठरली नाही, पावती कधी फाडली गेली नाही. हेतू काय होता ते यातूनच दिसतं.

मुंबईकरांच्या मनातल्या भीतीला मात्र एक जुनं कारण आहे. १९७३ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक लिव्ह अँड लायसन्सवर जागेत राहत होते, ते कायद्यानं भाडेकरू मानले गेले. कित्येक मालकांच्या जागा त्या दिवशी कायमच्या अडकल्या. पण हा फायदा शुल्क देऊन राहणाऱ्या परवानाधारकांसाठी होता. 'एकत्र राहणारा कुटुंबातला सदस्य' त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला होता. आजच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याची व्याख्याही तशीच आहे. भाचा आत्यासोबत राहत नव्हता, त्यामुळे त्या वगळणुकीवर वाद घालता येईल. पण त्यानं शुल्कच दिलेलं नाही, म्हणून तो मुळात त्या व्याख्येच्या दारातच येत नाही.

गोष्ट बिघडते ती पैशानं. विजेचं बिल भरणं किंवा मेंटेनन्स थेट सोसायटीला देणं हे सहसा भाडं मानलं जात नाही. राहणारा माणूस जे वापरतो, त्याचा तो खर्च असतो. पण भाच्यानं दर महिन्याला आत्याच्या खात्यात ठरावीक आठ हजार पाठवायला सुरुवात केली, की तीच नोंद उद्या कोर्टात 'भाडं' म्हणून पुढे येते. त्याहून धोकादायक एक प्रकार घराघरांत सर्रास चालतो. कंपनीत घरभाडे भत्त्याची करसवलत मिळावी म्हणून भाचा आत्याकडून भाड्याच्या पावत्या सही करून घेतो. आत्या प्रेमानं सही करते, आणि आपण भाडं घेत असल्याचा पुरावा स्वतःच्याच हातानं तयार करते. भाड्याचा संबंध एकदा दिसला, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आड येतं. लेखी आणि नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. करात वाचलेल्या थोड्या रुपयांसाठी कोणत्याही आत्यानं अशी सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा गैरसमज बारा वर्षांचा. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हे वाक्य चाळीपासून टॉवरपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मुदत कायद्यात बारा वर्षं आहेत हे खरं, पण ती मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन ठेवलेल्या कब्जाची. परवानगीनं राहणाऱ्याचा कब्जा मालकाच्याच वतीनं असतो. तो कितीही लांबला तरी आपोआप विरोधी होत नाही. यावरचा महत्त्वाचा निकाल गोव्यातला आहे. बहिणीच्या मालकीच्या घरात भाऊ आपल्या कुटुंबासह घर सांभाळण्यासाठी म्हणून राहत होता. वाद उठल्यावर भावानं आपल्या कब्जाला संरक्षण मागितलं आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी ते दिलं. २०१२ मध्ये, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ते निकाल उलटवले. कुणाला विनामोबदला राहू दिलं, तर त्याला त्या घराची मालकी मिळत नाही, मग तो कित्येक दशकं राहिलेला का असेना, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

तरीही परवानगी प्रत्येक वेळी मागे घेता येते असं नाही, आणि हा अपवाद कोकणात, गावाकडे फार महत्त्वाचा आहे. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० नुसार, परवानगीच्या आधारावर राहणाऱ्यानं स्वतःचा खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी रद्द करता येत नाही. भावाच्या जागेत भावाच्या होकारानं ज्यानं पक्कं घर बांधलं, त्याला उद्या 'ऊठ' म्हणणं सोपं नाही. पार्ल्याच्या भाच्यानं चार लाखांचं मॉड्युलर किचन बसवलं, तर ती गोष्ट वेगळी. मालकानं बांधकामासाठी परवानगी दिली होती का आणि झालेलं काम खरोखर कायम स्वरूपाचं आहे का, हे दोन्ही तपासलं जातं. राहण्याच्या सोयीसाठी केलेली डागडुजी त्यात सहसा बसत नाही.

आता आत्यानं काय करायचं? तिनं आधी लेखी कळवावं की परवानगी मागे घेत आहे, आणि घर सोडायला तारीख द्यावी. कलम ६३ राहणाऱ्याला निघून जाण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ देतं. लहान मुलाची शाळा असलेल्या घराला दोन-तीन महिने दिले, तर कोर्टातही ते समंजसपणाचं दिसतं. त्या तारखेनंतरही भाचा राहिला, तर पुढच्या दिवसांसाठी बाजारभावाप्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान जिन्यात काढणं हे मात्र करू नये. त्यातून पोलीस तक्रार उभी राहते आणि भाच्याची बाजू उगाच बळकट होते.

मुंबईत हा दावा लघुवाद न्यायालयात लावायचा, ज्याला सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात. शुल्क न देणाऱ्या नातेवाइकाविरुद्धचा दावा तिथं चालतो की दिवाणी न्यायालयात, यावर मुंबई उच्च न्यायालयातच दोन मतं होती आणि चुकीच्या दारात गेलेल्या लोकांची वर्षं वाया गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वाद मिटवला. विनामोबदला राहणाराही परवानाधारकच आहे आणि दावा स्मॉल कॉज कोर्टातच चालेल, असा तो निर्णय.

भाच्याच्या बायकोला घरगुती हिंसाचार कायद्याखाली इथं राहण्याचा हक्क मिळेल का? आत्या आणि ती कधी एका घरात नांदलेल्याच नाहीत, त्यामुळे तो दावा इथे कमजोर आहे. सासू-सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या सुनेची गोष्ट निराळी. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते तिचं सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. तसंच घर वडिलोपार्जित असेल आणि राहणाऱ्याचा त्यात हिस्सा असेल, तर तो परवानगीनं राहतच नाही. तो आपल्याच घरात राहतो, आणि वर सांगितलेलं काहीही त्याला लागू होत नाही.

आत्या आणि भाचा यांच्यातला आणखी एक फरक मृत्यूनंतर दिसतो. संरक्षित भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणारं कुटुंब भाडेकरू म्हणून पुढे राहू शकतं. परवानगी मात्र व्यक्तीची असते. भाचा गेला तर ती त्याच्या मुलाकडे जात नाही. आत्यानं घर विकलं तर नव्या मालकावरही ती बंधनकारक नसते. म्हणून भाच्यानंही हे सुरुवातीलाच समजून घेतलेलं बरं. आपण आत्याच्या हयातीवर आणि मर्जीवर आहोत हे ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या घरासाठी बचत लवकर सुरू करतो.

हे सगळं टाळायला एक पान पुरतं. किल्ली देतानाच दोघांनी सही करून लिहावं, की घर अमुक व्यक्तीच्या मालकीचं आहे, तमुक नातेवाईक तिच्या परवानगीनं विनामोबदला राहत आहे, वीज आणि मेंटेनन्स तो वापराचा खर्च म्हणून भरेल, ते भाडं समजलं जाणार नाही, कायम स्वरूपाचं बांधकाम तो करणार नाही आणि लेखी कळवल्यावर साठ दिवसांत घर रिकामं करेल. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला देऊन पोच घ्यावी. मालकाचं वय झालं असेल, तर मूळ कागद मुलीकडे ठेवावा आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच मजकुरावर भाच्याची नवी सही घ्यावी.