एका नावाची किती स्पेलिंग?

घरखर्चाच्या ॲपचे नाव चार ठिकाणी वावरते आणि प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. फोनच्या पडद्यावर चिन्हाखाली साधारण दहा-बारा रोमन अक्षरे मावतात. त्यापुढचा भाग कापला जातो. स्टोअरमध्ये नावाला 30 कॅरेक्टरची मर्यादा आहे. ॲपलने ती 2017 मध्ये आणली, गूगल प्लेने 2021 मध्ये. तिसरे ठिकाण म्हणजे डोमेन, अर्थात वेबवरचा पत्ता. त्यात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते. चौथे ठिकाण माणसाच्या तोंडी असते. एका घरातून दुसऱ्या घरात नाव सांगितले गेले, तर ऐकणाऱ्याला ते टाइप करून सापडले पाहिजे.

खर्चाच्या गटवारीनंतर या आठवड्यात चिन्हाची पाळी होती. ती पुढच्या भागावर ढकलली आहे, कारण एका वाचकाचा प्रश्न आधी सोडवण्यासारखा आहे: नाव पसंत पडले, पण त्याचे .com आधीच कुणीतरी घेतलेले आहे. मग नाव बदलावे का? उत्तर डोमेनपेक्षा त्या नावाच्या स्पेलिंगवर अवलंबून आहे. मराठी नावांची खरी कसोटी तिथेच लागते.

स्टोअरमधला शोध चुकीच्या स्पेलिंगला बराच सांभाळून घेतो. एखादे अक्षर कमी-जास्त झाले तरी जवळचे ॲप दाखवतो. डोमेनला ही सवलत नाही. एक अक्षर बदलले की पत्ता दुसऱ्याचा होतो किंवा कुठेच जात नाही. म्हणून डोमेन मोकळे आहे का, हे पाहण्याआधी त्या नावाची किती स्पेलिंग होतात ते मोजावे. रीत साधी आहे. नाव फोनवरून पाच जणांना ऐकवावे, ते कसे लिहायचे हे सांगू नये आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगावे. चौघांनी एकच स्पेलिंग पाठवले तर नाव पुढच्या पायरीला जाते. पाच जणांची पाच उत्तरे आली, तर नाव कितीही सुंदर असले तरी त्याचे डोमेन सांभाळणे महाग पडते.

चार उमेदवार घेऊन ही रीत चालवून पाहता येते.

पहिला, घरखर्च. अर्थ कुणाला विचारावा लागत नाही, चिन्हाखालीही ते मावते. पण रोमनमध्ये शब्दाच्या मधला आणि शेवटचा ‘अ’ लिहायचा की नाही, हे प्रत्येक जण आपापल्या सवयीने ठरवतो. gharkharch, gharkharcha, gharakharch, gharakharcha अशी चार रूपे सहज होतात. ‘खर्चा’ म्हणणारा हिंदीभाषक तर शेवटचा a हमखास लावतो.

दुसरा, हिशोब. इथे मराठीतच हिशोब आणि हिशेब अशी दोन रूपे रूढ आहेत. त्यांत हिंदीचे हिसाब मिळवले की hishob, hisheb, hishab, hisab, hisaab अशी पाच स्पेलिंग झाली. पाचांसाठी .com आणि .in दोन्ही घ्यायचे तर दहा डोमेन होतात, आणि प्रत्येकाची फी दर वर्षी भरावी लागते. एखादे नूतनीकरण राहून गेले की ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

तिसरा उमेदवार ‘पैपै’. ‘पैपैचा हिशोब’ हा घरोघरी वापरात असलेला वाक्प्रचार, त्यामुळे अर्थाचा रोख लगेच कळतो. स्पेलिंगही स्थिर आहे, कारण पै हे आडनाव Pai असेच लिहिण्याची रीत रूढ आहे. paipai ही सहा अक्षरे पहिली पायरी आरामात ओलांडतात, पण पुढच्या दोन पायऱ्यांवर अडतात. paipai.com हा पत्ता चीनमधल्या टेन्सेंट कंपनीच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाचा होता आणि 2014 मध्ये तो व्यवसाय जेडी या कंपनीकडे गेला. त्याहून मोठी अडचण उच्चाराची आहे. पैशांच्याच क्षेत्रात पेपॅल आहे, जपानमध्ये पेपे नावाची देयक सेवा आहे आणि ‘पैपै’ दोघांनाही कानाला जवळचे वाटते. ट्रेडमार्कच्या कायद्यात नाव कानाला कसे लागते याला वजन असते.

हे वजन किती, ते भारतातल्या एका खटल्यात दिसले. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्याच नावातली अक्षरे जुळवून ‘सिफी’ हे नाव बनवले आणि sifynet.com सारखे पत्ते घेतले. पुढे सिफीनेट सोल्यूशन्स नावाच्या कंपनीने siffynet.com घेतले. फरक एका f चा होता आणि बोलताना तोही उरत नव्हता. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने सत्यमच्या बाजूने मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सत्यमच्या बाजूने निकाल दिला. डोमेनचे नाव हे केवळ पत्ता नसून व्यवसायाची ओळखही असते, म्हणून त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, असे या निकालाने ठरले. एखादे अक्षर वाढवून मोकळे डोमेन मिळवण्याची युक्ती धोक्याची आहे ती यामुळे. मिळालेले डोमेन पुढे न्यायालयात गमवावे लागू शकते.

चौथा उमेदवार, शिल्लक. ‘महिनाअखेर शिल्लक किती?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, त्यामुळे नाव पैशांचे आहे हे लगेच कळते. त्यातला जोड ‘ल’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून बहुतेक जण shillak असेच लिहितात. घाईत लिहिणारा एखादा shilak लिहील. म्हणजे सांभाळायची स्पेलिंग दोन. नाव अर्थाने मोकळे ठेवण्याचाही फायदा आहे. खर्च वाटून घेण्याचे स्प्लिटवाइज हे ॲप 2011 मध्ये ‘स्प्लिट द रेंट’ या नावाने सुरू झाले होते. नाव अगदी स्पष्ट होते, पण ते घरभाड्यापुरतेच बोलत होते. किराणा आणि सहलीचा खर्चही वाटायचा म्हटल्यावर ते अपुरे पडले असते. ‘घरखर्च’ या नावाच्या ॲपमध्ये उद्या बचत आणि उसनवारी आली तर तीच अडचण येईल. ‘शिल्लक’मध्ये दोन्ही बसतात.

मात्र नुसत्या ‘शिल्लक’वरून हे ॲप घरखर्चाचे की दुकानातल्या मालाचे, हे कळत नाही. ती उणीव स्टोअरमधल्या 30 कॅरेक्टरमध्ये भरून काढता येते. चिन्हाखाली ‘शिल्लक’ आणि स्टोअरमध्ये ‘शिल्लक: घरखर्चाचा हिशोब’. इथे मोजणी जपून करावी. युनिकोडमध्ये काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र धरले जातात. ‘शिल्लक’ डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण श, वेलांटी, ल, हलन्त, ल, क असे सहा घटक होतात. या हिशोबाने वरचे पूर्ण नाव 23 घटकांचे आहे, म्हणजे मर्यादेत बसते. ॲपलच्या स्टोअरमध्ये दुसऱ्या ॲपचे नाव जसेच्या तसे घेता येत नाही. गूगल प्लेवर एकाच नावाची अनेक ॲप असू शकतात. त्यामुळे प्लेवर नाव स्वीकारले गेले, एवढ्यावरून ते मोकळे आहे असे धरू नये.

आता डोमेन. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर चौकशी अशी करता येते:

```
whois shillak.com
whois shillak.in
```

नोंद सापडली तर नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख दिसते, आणि त्याखाली स्थिती. clientTransferProhibited ही स्थिती नेहमीची आहे. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने लावलेले ते कुलूप, त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. .com च्या नोंदीत redemptionPeriod दिसले तर मुदत संपली आहे, पण जुना मालक अजून 30 दिवस ते सोडवू शकतो. pendingDelete दिसले तर साधारण पाच दिवसांत नाव मोकळे होते. केवळ पान उघडत नाही म्हणून डोमेन मोकळे आहे असे मात्र समजू नये. कित्येक नावे नोंदवून नुसती पडून असतात.

.com कुणाकडे असेल, तर मालक त्याचे काय करतो ते पाहावे. तो पैशांच्याच क्षेत्रात असेल तर नाव सोडावे. वेगळ्या क्षेत्रात असेल किंवा पत्ता नुसताच पडून असेल, तर .in किंवा .app पुरते. .app हे गूगलचे डोमेन 2018 पासून सर्वांना खुले आहे. त्यावरची पाने ब्राउझर फक्त https ने उघडतात, म्हणून प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून लावावे लागते. shillakapp.com सारखे शेपूट जोडलेले नावही चालते. जोडरेघ टाळावी, कारण बोलताना ती सांगावी लागते आणि ऐकणारा विसरतो. देवनागरीत .भारत हे डोमेन 2014 पासून मिळते. पडद्यामागे ते xn--h2brj9c असे रोमनमध्येच साठवलेले असते. जोडीचा पत्ता म्हणून ते चांगले, पण देवनागरी ई-मेल पत्ता सगळ्या सेवा अजून स्वीकारत नाहीत, म्हणून एकुलता एक पत्ता म्हणून ते पुरेसे नाही.

डोमेनचा एक परिणाम पुढे कधीच पुसता येत नाही. अँड्रॉइड ॲपची ओळख सहसा डोमेन उलटे लिहून ठरवतात, उदाहरणार्थ in.shillak.app. प्लेवर ॲप एकदा प्रसिद्ध झाले की ही ओळख बदलत नाही. त्यातच in हा कोटलिन भाषेचा राखीव शब्द असल्यामुळे कोडमध्ये तो उलट्या अवतरणांत लिहावा लागतो:

```
package `in`.shillak.app
```

त्यामुळे डोमेन हातात आल्यावरच ही ओळख ठरवावी.

राहिली ट्रेडमार्कची तपासणी. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात नाव जसेच्या तसे आणि उच्चाराने, अशा दोन्ही प्रकारे तपासावे. डाउनलोड होणारे सॉफ्टवेअर वर्ग 9 मध्ये येते, वेबवरून चालणारी सेवा वर्ग 42 मध्ये. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. 1999 च्या कायद्यातले कलम 9 मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या शब्दांना अडवते. ‘घरखर्च’ तिथे जवळपास नक्की अडकेल. ‘शिल्लक’ हाही जमाखर्चातलाच शब्द असल्यामुळे त्यावर हरकत येऊ शकते, पण तो ॲपचे सरळ वर्णन करत नसल्याने बाजू मांडायला जागा राहते.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाव दोनपेक्षा जास्त स्पेलिंगचे असेल, किंवा .com चा मालक याच क्षेत्रात असेल, तर नाव बदलावे. एरवी नाव ठेवावे, त्याची दोन्ही स्पेलिंग .in मध्ये एकाच दिवशी नोंदवावीत आणि त्यानंतरच चिन्हाच्या कामाला लागावे. पुढच्या भागात चिन्ह.