आकडा १४४, तरी गेम अडखळतो

गेम सुरू आहे. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा सेकंदाला १४४ फ्रेम दाखवतोय, पण माऊस फिरवला की दृश्य सलग सरकत नाही, बारीक ठेचकाळत जातं. शेजारच्या मॉनिटरवर ब्राउझरमध्ये क्रिकेटची मॅच लावलेली आहे. मॅच थांबवली की ठेचकाळणं थांबतं, लावली की पुन्हा सुरू. अशा वेळी बहुतेकांचा संशय ग्राफिक्स कार्डाच्या ताकदीवर जातो आणि नव्या कार्डाच्या किमती बघायला सुरुवात होते. माझ्या मते ही घाई आहे. दोष अनेकदा ताकदीचा नसतो, वेळ साधण्याचा असतो.

आधी व्हिडिओवरचा आरोप तपासू. आजच्या ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ उलगडण्यासाठी म्हणजे डीकोड करण्यासाठी वेगळं सर्किट असतं. गेमची चित्रं काढणाऱ्या भागाला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. अपवाद एव्ही१ या नव्या प्रकारच्या व्हिडिओचा. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये तो उलगडण्याची सोय २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आहे. त्याआधीच्या कार्डांवर ते ओझं प्रोसेसरवर पडतं. पण उलगडल्यानंतरचं कामही विसरून चालत नाही. व्हिडिओच्या फ्रेमचे रंग पडद्याला समजतील असे बदलायचे, ती वेबपानात बसवायची आणि सगळ्या खिडक्या एकत्र करून त्या मॉनिटरचं अंतिम चित्र तयार करायचं. यातलं बरंचसं काम मात्र गेम काढणारा भागच करतो.

खिडक्या एकत्र करणाऱ्या विंडोजच्या घटकाचं नाव डेस्कटॉप विंडो मॅनेजर. तो विंडोज व्हिस्टापासून आहे आणि विंडोज ८ पासून बंदच करता येत नाही. मिश्र रिफ्रेश रेटचा घोळ इथे सुरू होतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर दर ६.९४ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवू शकतो, ६० हर्ट्झचा दर १६.६७ मिलिसेकंदांनी. विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हा मॅनेजर दोन्ही पडद्यांसाठी एकाच ठेक्यावर चाले. एकाच टाळावर दोन वेगळ्या लयींची भजनं म्हणायला लावावीत तसं ते होतं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर काही हलत नसेल तोवर भागत असे. व्हिडिओ सुरू झाला की तो पडदा सतत बदलू लागे आणि ठेका ६० वर उतरू शके.

मग काय दिसतं? १४४ ला ६० ने भागलं तर २.४ येतात. पडद्याला २.४ वेळा चित्र दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र दोन रिफ्रेश टिकतं, पुढचं तीन, मग दोन, मग तीन, मग दोन, आणि हा क्रम चालू राहतो. काही चित्रं १३.९ मिलिसेकंद दिसतात, काही २०.८. सगळी सारखीच लांबली असती तर गेम फक्त थोडा मंद वाटला असता. डोळ्याला खुपतं ते हे कमीजास्त होणं. कोपऱ्यातला आकडा मात्र १४४ च राहतो, कारण तो गेमने तयार केलेल्या फ्रेम मोजतो. त्यातल्या किती पडद्यापर्यंत पोहोचल्या हे त्याला ठाऊक नसतं.

मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत हे बरंच सुधारलं. वेगवेगळ्या रेटचे पडदे तेव्हापासून आपापल्या ठेक्यावर चालू लागले. म्हणून पहिली तपासणी साधी आहे: `winver` टाइप करून आवृत्ती बघा.

आवृत्ती नवी असूनही अडखळणं उरलं, तर गेमची चित्रं कोणत्या वाटेने पडद्यावर जातात ते पाहावं लागतं. पूर्ण पडदा व्यापणाऱ्या गेमला विंडोज सहसा मॅनेजरला वळसा घालून थेट वाट देतं. पण गेमवर एखादं चॅटचं किंवा सूचनेचं चौकट आलं, की ती वाट बंद होऊन गेम पुन्हा मॅनेजरच्या हाती जाऊ शकतो. प्रेझेंटमॉन या इंटेलच्या मोफत साधनात हे लिहून येतं. `Hardware: Independent Flip` दिसलं तर वाट थेट आहे. `Composed: Flip` दिसलं तर गेम खिडक्यांच्या गर्दीत सापडला आहे. अंदाज बांधत बसण्यापेक्षा या एका ओळीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

वाट थेट असूनही त्रास होत असेल तर कारण दुसरं. समजा एका फ्रेमला ६.८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे कार्ड जवळजवळ पूर्ण वेळ गुंतलेलं आहे. आता दुसऱ्या पडद्याचं चित्र जुळवायला सेकंदातून ६० वेळा एकेक मिलिसेकंद द्यावा लागला, तर ज्या फ्रेमच्या मध्ये हे काम आलं ती ७.८ वर जाते. ६.९४ ची वेळ हुकते. व्हीसिंक सुरू असेल तर ती फ्रेम पुढच्या रिफ्रेशची वाट बघते, आणि तोवर आधीचं चित्र १३.९ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. सरासरीत ही झीज किरकोळ दिसते, डोळ्याला मात्र प्रत्येक हुकलेली फ्रेम जाणवते. कार्डाचा वापर ९८-९९ टक्के दिसत असेल आणि व्हिडिओ थांबवताच गेम सुरळीत होत असेल, तर हीच भानगड समजावी.

इथे उपाय गेमच्या आत आहे. सावल्यांचा किंवा प्रतिबिंबांचा दर्जा एक पायरी खाली आणला आणि फ्रेमचा वेळ साडेपाच मिलिसेकंदांवर आला, की दुसऱ्या पडद्याचं काम मधल्या सवडीत मावतं. फ्रेमची मर्यादा १२० वर बांधणंही चालतं, पण मॉनिटर गेमच्या गतीनुसार स्वतःचा रेट बदलणारा, म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा असेल तरच. साध्या १४४ च्या पडद्यावर १२० फ्रेम सारख्या अंतराने बसतच नाहीत. तिथे मॉनिटरच १२० हर्ट्झवर ठेवावा.

१२० आणि ६० ची जोडी लावली की सगळं जुळतं, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. ६० हर्ट्झचे अनेक मॉनिटर प्रत्यक्षात ५९.९४ वर चालतात. त्याची दुप्पट ११९.८८, म्हणजे १२० पेक्षा ०.१२ ने कमी. त्यामुळे दोन पडदे एकमेकांपासून हळूहळू सरकतात आणि साधारण दर आठ सेकंदांनी ताळमेळ एका रिफ्रेशने बदलतो. बारीक हिसका ठरावीक अंतराने येत असेल, तर घड्याळ लावून ते अंतर मोजा. भाराचा दोष असा नेमाने येत नाही.

ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करणं हा लोकप्रिय उपाय मला शेवटचा वाटतो, कारण त्याने व्हिडिओचं ओझं प्रोसेसरवर जातं आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेले गेम उलट जास्त अडखळतात. त्याआधी एक करून पाहण्याजोगं आहे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर दुसऱ्या मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावावी आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझरला `Power saving` द्यावं. मग मॅच त्या छोट्या ग्राफिक्सवर चालते आणि मोठं कार्ड गेमकडे बघतं. फक्त केबल बदलून ही सेटिंग राहून गेली, तर ब्राउझर मोठ्या कार्डावरच चित्र काढत राहू शकतो आणि प्रत्येक फ्रेमची प्रत दुसऱ्या चिपकडे पाठवावी लागते. ते झालं का हे टास्क मॅनेजरच्या `GPU engine` या रकान्यात ब्राउझरसमोर `GPU 0` आहे की `GPU 1`, त्यावरून कळतं.