अक्षर मोठं केलं की ओळ कुठे जाते?

ई-पुस्तक उघडा, अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवा आणि काय होतं ते पाहा. ओळी नव्याने तुटल्या, पानावरचे शब्द कमी झाले, पुस्तकाची पानं वाढली, तर ते पुस्तक ‘रिफ्लोएबल’ आहे. त्यातला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला मांडून घेतो. उलट आकार वाढवायची सोयच नसेल किंवा चिमटीने मोठं केल्यावर अख्खं पान फुगून कडा पडद्याबाहेर जात असतील, तर ते ‘फिक्स्ड लेआउट’. मराठी वाचकाच्या वाट्याला येणारा फिक्स्ड लेआउट म्हणजे बहुतेक वेळा छापखान्याकडे गेलेली पीडीएफ.

पीडीएफमध्ये परिच्छेद नावाची गोष्ट असेलच असं नाही. अमुक अक्षर पानाच्या अमुक ठिकाणी, अमुक आकारात काढायचं, अशा सूचना मात्र असतात. छपाईसाठी तेच हवं असतं, कारण कागदाचा आकार बदलणार नसतो. वाचनयंत्राचा पडदा मात्र त्या कागदाएवढा नसतो, आणि पुढचं सगळं रडगाणं तिथून सुरू होतं.

नेहमीचं उदाहरण घेऊ. डेमी आकाराची कादंबरी, पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, मजकूर १३ पॉइंटात, चारही बाजूंना पाऊण इंच समास. सहा इंची वाचनयंत्राचे सहा इंच कर्णाचे असतात. पडदा प्रत्यक्षात साडेतीन इंचांहून थोडा रुंद आणि पावणेपाच इंचांहून थोडा उंच. साडेआठ इंच उंचीचं पान त्यात पूर्ण बसवायचं तर ते जवळपास ५७ टक्क्यांवर आणावं लागतं. म्हणजे १३ पॉइंटांचं अक्षर साडेसातच्या आसपास येतं. वेलांट्या, रफार आणि उकार सांभाळणाऱ्या देवनागरीसाठी हा आकार फार लहान. वर पडद्याचा बराच भाग कोऱ्या समासात वाया जातो.

म्हणून पहिला उपाय समास छाटण्याचा. नुसता चार बाय सात इंचांचा मजकुराचा चौकोन ठेवला, तर पूर्ण पान दिसूनही अक्षर नऊ पॉइंटांपर्यंत चढतं. यंत्र आडवं धरून तोच चौकोन रुंदीत बसवला, तर ते पंधरा पॉइंटांच्या वर जातं, म्हणजे छापील पुस्तकापेक्षाही मोठं. फक्त एक पान वाचायला तीनदा पुढे सरकावं लागतं. तरीही माझं मत आडवं धरण्याच्या बाजूनेच. डोळे बारीक करून वाचण्यापेक्षा बोट हलवणं परवडलं.

छाटताना मात्र एक गफलत हटकून होते. छापील पुस्तकात बांधणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, नाहीतर अक्षरं शिवणीत जातात. त्यामुळे विषम पानांवर मजकूर थोडा उजवीकडे, सम पानांवर थोडा डावीकडे असतो. सगळ्या पानांना एकच चौकट लावून छाटलं की एक पान ठीक येतं आणि पुढच्याच्या प्रत्येक ओळीचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर जातं. एकाआड एक पान कापलेलं दिसलं, तर कारण हेच समजावं. छाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सम आणि विषम पानांना वेगळी चौकट देण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर चौकट दोन्हींना पुरेल इतकी सैल ठेवावी.

मग पीडीएफचं रूपांतर करून रिफ्लोएबलच का करू नये? इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमतं. मराठीत अडचण फॉन्टची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, आपली पुस्तकं जुन्या डीटीपी फॉन्टांत जुळवली गेली. त्यांत ‘क’ दिसत असला तरी आत साठलेला असतो एखादा रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा सांकेतिक क्रमांक. पीडीएफमध्ये तो फॉन्ट सोबत बांधलेला असतो म्हणून पान सुरेख दिसतं. रूपांतरात फॉन्ट गळाला की उरतो रोमन अक्षरांचा चिवडा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा, लगेच कळेल. युनिकोडमधल्या पीडीएफचीही पूर्ण खात्री नाही. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागेपुढे सरकते, जोडाक्षरं फुटतात. अशा पुस्तकाचा मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणून नीट तपासल्याशिवाय गत्यंतर नसतं. ते काम खर्चाचं आहे, हे मान्य. पण छपाईची पीडीएफ तशीच ‘ई-बुक’ म्हणून विकताना निदान वाचकाला तसं सांगायला हवं.

पान कापलं जाण्याचा दुसरा प्रकार जास्त गोंधळात टाकतो, कारण तो रिफ्लोएबल पुस्तकात दिसतो. ईपब ही मुळात वेबपानांची झिप फाइल असते आणि मांडणीचे नियम तिच्यातल्या सीएसएसमध्ये लिहिलेले असतात. कवितासंग्रह घ्या. लांब ओळ मोडून खाली आली तर ती थोडी आत सरकून यावी, म्हणजे वाचकाला ती नवी ओळ वाटत नाही. त्यासाठी असा नियम लिहितात:

```css
p.ol {
  padding-left: 2em;
  text-indent: -2em;
}
```

पहिली सूचना सगळा मजकूर दोन em आत ढकलते, दुसरी फक्त पहिली ओळ तेवढीच परत बाहेर आणते. em म्हणजे त्या वेळच्या अक्षराचा आकार. आता पहिली सूचना राहून गेली असं समजा. पहिली ओळ दोन em समासात घुसते. अक्षर लहान असताना वाचनयंत्राचा समास तिला सामावून घेतो, म्हणून प्रकाशकाच्या संगणकावर कुणाच्या लक्षात येत नाही. वाचक अक्षर मोठं करतो, दोन em मोठे होतात, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर पडद्याबाहेर जातं. मोडून खाली आलेल्या ओळी मात्र शाबूत असतात, आणि दोष ओळखायचा तो त्यावरूनच.

उजवीकडची शेपटं कापली जात असतील तर कारण वेगळं. अभंगाची ओळ मोडू नये म्हणून कुणी `white-space: nowrap` लिहून ठेवलेलं असतं. यंत्र आज्ञाधारकपणे ओळ मोडत नाही आणि उरलेले शब्द पडद्याबाहेर राहतात. तक्त्याला किंवा चित्राला `width: 800px` अशी ठरावीक रुंदी दिली तरी परिणाम असाच होतो. तिथे `max-width: 100%` हवं असतं.

वाचकाच्या हातात यावर काय आहे? यंत्राचा समास वाढवला तर डावीकडे गेलेली अक्षरं परत येतात, अक्षर लहान केलं तर दोन्हीकडची. पण समास वाढवण्यालाही मर्यादा आहे. पुस्तकाच्या आत स्वतःचा समास लिहिलेला असला तर काही यंत्रं त्यात आपला मिळवतात, आणि मोठ्या अक्षरात एका ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द उरतात. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टापायी त्या शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात. अशा वेळी मजकूर फक्त डावीकडून सरळ ठेवण्याचा पर्याय यंत्रात असेल तर तो निवडावा. फाइलला कुलूप नसेल तर कॅलिबरच्या संपादकात ती उघडून वरच्यासारखा नियम स्वतः दुरुस्त करता येतो.

चित्रपुस्तकं आणि कॉमिक्स यांना फिक्स्ड लेआउटच योग्य. तिथे शब्द चित्रातल्या ठरल्या जागीच बसायला हवा. ईपबमध्येही त्याची सोय आहे, `rendition:layout` ला `pre-paginated` म्हटलं की झालं. असं पुस्तक टॅबलेटवरच घ्यावं, फोनवर नाही. कादंबरी किंवा कवितासंग्रह घेताना मात्र आधी फुकट मिळणारा नमुना उतरवून घ्यावा, अक्षर सगळ्यांत मोठं करावं आणि कविता किंवा तक्ता असलेलं पान गाठावं. साध्या गद्याच्या पानावर यातला एकही दोष दिसत नाही.