विश्लेषण : ऑफिसच्या ग्रुपवर थट्टा कुठवर चालते? साहेबांनी तो मेसेज नेमका कसा लिहावा?

‘ग्रुपवर फक्त कामाचंच बोला’ असा मेसेज ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी येतोच. त्यावर पंधरा-वीस अंगठे उमटतात, दोन दिवस शांतता राहते आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्वपदावर येते. कधी याहून वाईट घडते. थट्टा थांबत नाही, ती साहेब नसलेल्या दुसऱ्या ग्रुपवर जाते. मग असा मेसेज लिहायचा तरी कसा?

थट्टेने कामाचे काय बिघडते?

एक उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण अनेकांना ओळखीचा वाटेल. पुण्यातील एका वाहतूक कंपनीत गाड्या पाठवणारी १४ जणांची टीम आहे. गाडी कुठे पोहोचली, कोण सुट्टीवर आहे, वाढदिवस कोणाचा, सगळे एकाच ग्रुपवर चालते. नागपूरकडचा सहकारी प्रत्येकाला ‘का बे’ म्हणतो. कोल्हापूरकर मित्रांना प्रेमाने जी शिवी देतो, ती इथे छापता येणार नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या नव्या मुलाचे नाव पहिल्याच आठवड्यात ‘भय्या’ पडले.

एकदा त्याच्याकडून गाडीचा क्रमांक चुकला. ‘भय्याने लावली वाट’ असा मेसेज आला, मागोमाग बकऱ्याचे स्टिकर आले. साहेबांनीही हसणारी इमोजी टाकली. त्या मुलानेही हसण्यावारी नेले. पण त्यानंतर तो ग्रुपवर ‘ओके’पलीकडे काही लिहीना. पंधरा दिवसांनी एका पत्त्याबद्दल त्याला शंका होती. ग्रुपवर विचारले तर पुन्हा बकरा होणार, म्हणून त्याने विचारलेच नाही. भोसरीच्या गोदामात जायची गाडी चाकणला गेली.

थट्टेची खरी किंमत इथे दिसते. ज्याचा सतत पोपट होतो, तो आधी शंका विचारणे बंद करतो.

थट्टा दोन्ही बाजूंनी आहे, हे ओळखायचे कसे?

‘तोही हसला होता’ हा पुरावा कच्चा आहे. नवा माणूस, कनिष्ठ माणूस हसतोच, त्याला दुसरा मार्ग नसतो. त्यापेक्षा महिनाभराचे चॅट मागे सरकवून दोन गोष्टी पाहाव्यात. टोमण्यांचा रोख फिरता आहे की एकाच माणसावर? आणि तो माणूस उलट टोमणा मारतो का? रोख एकावरच असेल आणि परतफेड शून्य असेल, तर तिला थट्टा म्हणता येत नाही.

शब्दांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. ‘बे’ विदर्भात जवळिकीचा, तर पुण्या-मुंबईत अनेकांना उद्धट वाटतो. त्यावर बंदी घालणे म्हणजे एका भागाच्या बोलीलाच असभ्य ठरवणे. ‘च्यायला’, ‘लय भारी’, ‘काशी झाली’ यांनी कोणाचे काही बिघडत नाही. मात्र ‘चांभारचौकशा’ हा शब्द सुशिक्षित लोकही सहज लिहून जातात. त्यात एका जातीचे नाव आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते, लिहिणाऱ्याच्या नाही. ‘बांगड्या भरल्यात का?’ याचेही तसेच. शब्द किती गावरान आहे यापेक्षा तो माणसाच्या कामावर बोलतो की जात, प्रांत, शरीर, बाईपण यांवर, हे पाहावे.

मेसेज पाठवण्याआधी काय करावे?

भडकलेल्या संध्याकाळी लगेच लिहू नये. आधी त्या मुलाशी एकट्याने बोलावे. ‘तुला वाईट वाटलं का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही सर’ असेच येणार, म्हणून ‘तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?’ असे विचारावे. स्टिकर टाकणाऱ्यालाही वेगळे गाठावे. ग्रुपवर त्याचे नाव घेतले की थट्टेचा नवा बकरा तयार होतो, आणि जुन्याला ‘तक्रारखोर’ हे बिरुद चिकटते. त्याच कारणाने मेसेजमध्ये गाडीच्या प्रसंगाचा उल्लेखही नको.

मेसेज असा असू शकतो

‘मंडळी, आपल्या ग्रुपवर गंमत चालते, ती चालू राहू दे. आपापल्या भाषेत, आपापल्या ढंगात बोला. चार गोष्टी मात्र आजपासून. एक, कोणालाही त्याच्या नावानेच किंवा त्याने स्वतः सांगितलेल्या नावानेच हाक मारायची. दोन, जात, धर्म, गाव-प्रांत, रंग-शरीर, बाई-पुरुष यांवर विनोद नाही, फॉरवर्ड आणि स्टिकरसुद्धा नाही. तीन, कोणाची चूक झाली की ग्रुपवर फक्त दुरुस्ती लिहायची. त्यावर हसायचं नाही. शंका कितीही साधी असो, तिला उत्तर द्यायचं. चार, कोणाला काही खटकलं तर “बस” एवढंच लिहा. कारण विचारलं जाणार नाही, विषय तिथेच थांबेल. ग्रुपवर लिहायचं नसेल तर मला फोन करा. गेल्या महिन्यात मीही नको तिथे हसलो. ती माझी चूक. गाड्यांच्या अपडेटसाठी उद्या वेगळा ग्रुप करतो, तिथे फक्त काम.’

यातले शेवटून तिसरे आणि दुसरे वाक्य वगळायचा मोह प्रत्येक साहेबाला होईल. पण ती हसणारी इमोजी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती कबूल केली नाही, तर नियम फक्त खालच्यांसाठी आहेत असाच अर्थ निघतो. टीममध्ये मराठी नीट न येणारे असतील, तर हाच मजकूर हिंदीतही टाकावा. नाहीतर ज्याच्यासाठी लिहिला, त्यालाच तो कळायचा नाही.

कायदा काय सांगतो?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोशी लैंगिक शेरेबाजी छळ ठरते, आणि ती ग्रुपवर केली म्हणून सुटत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. मेसेज ‘डिलीट’ केला तरी तो काढल्याची खूण राहते, आणि तोवर कोणी ना कोणी स्क्रीनशॉट घेतलेला असतो.

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. पण हा दिलासा फौजदारी जबाबदारीपुरता. सुरक्षित वातावरण देण्याचे मालकाचे कर्तव्य वेगळेच उरते. दुसरीकडे, एका सहकारी महिलेच्या केसांवरून केलेली टिप्पणी आणि गायलेली गाण्याची ओळ हा लैंगिक छळ ठरत नाही, असा निकाल याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला. म्हणजे कायद्याच्या चौकटीत न बसणारे पण माणसाला गप्प करणारे बरेच काही शिल्लक राहते. ते साहेबांच्या मेसेजनेच आवरायचे असते.

मेसेज लागू पडला, हे कसे कळणार?

ग्रुप एकदम शांत झाला तर समजावे, थट्टा दुसरीकडे गेली. दुसरा ग्रुप शोधून काढण्याच्या फंदात पडू नये. त्याने अविश्वास तेवढा वाढतो. पहिले ‘बस’ कोण लिहितो, याकडे मात्र लक्ष ठेवावे. बहुतेक वेळा कनिष्ठांपैकी कोणी ते धाडस करत नाही, म्हणून एखाद्या ज्येष्ठाने, शक्य तर साहेबांनी स्वतःवरच्या विनोदाला ते लिहून दाखवावे. आणि ‘भोसरीचं गोदाम जुनं की नवं?’ असा साधा प्रश्न तो मुलगा पुन्हा ग्रुपवर विचारतो का, हे पाहावे.