दहावा फ्रेट की अकरावा?

चि. बाळ यास,


तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा शेवटचा सोलो, आणि तोही मूळ गाण्यापेक्षा जलद! बोटं पळतात तुझी, यात वाद नाही. पहिली फेरी तू जशीच्या तशी वाजवलीस. दुसऱ्या फेरीत मूळ सोलो सोडून मनाचं वाजवायला लागलास, ते मला जास्त आवडलं. पण तिथेच, दुसऱ्या कॉर्डवर, गाडी घसरली. तुला कळलं नसणार, कारण तू लगेच पुढे पळालास.

काय झालं ते सांगतो. या सोलोखाली आठ कॉर्ड फिरत राहतात. प्रत्येक कॉर्ड साधारण तीन सेकंद, म्हणजे सगळी फेरी सव्वीसेक सेकंदांची. पहिला कॉर्ड बी मायनर. तू सातव्या फ्रेटवरचा पेंटाटोनिकचा बॉक्स धरलास, तो बरोबर. त्यात पाचच सूर : बी, डी, ई, एफ शार्प, ए. बी ला सा मान, की हे झाले सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. तुझी आई ज्याला धानी म्हणते तेच. बी मायनरवर यातलं काहीही वाजव, खपून जातं. म्हणून तर सगळे पोरगे हा बॉक्स आधी शिकतात.

दुसरा कॉर्ड मात्र एफ शार्प मेजर. त्यात सूर तीन : एफ शार्प, ए शार्प, सी शार्प. आणि तू नेमका दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला, ए वर, जाऊन थांबलास. खाली ए शार्प वाजतोय, वर तू ए धरून बसलायस. आईला पेटी काढायला सांग. काळी तीन, काळी पाच आणि वरची काळी एक एकदम दाबायला लाव, आणि तू पांढरी सहा दाबून धर. दातांत खडा आल्यासारखं वाटेल. आता पांढरी सहा सोड. खडा गेला. गिटारवर हा फरक एका फ्रेटचा आहे : दहाव्याऐवजी अकरावा.

ब्लूजवाले असा खडा मुद्दाम पेरतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना तो कुठे आहे ते माहीत असतं.

वेगाची गंमत अशी, की पळता पळता लागलेला चुकीचा सूर कान माफ करतो. थांबलास की पकडला जातोस. मी विशीत ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा माझीही हीच तऱ्हा. गणपतीतला कार्यक्रम, समोर मैदान भरलेलं, मी एका तुकड्यात बोटं अशी फिरवली की पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. शेवटचा सूर मात्र लांबवला तो नेमका अर्धा सूर खाली. आमच्या कीबोर्डवाल्याने मान वळवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं अजून आठवतं.

स्केलचा रियाज म्हणजे जिना चढ-उतार नव्हे. तसा वर्षभर केलास तरी बोटांना जिना पाठ होईल, खोल्या कळणार नाहीत. मेट्रोनोम साठवर लाव. एका ठोक्याला एक सूर, आणि वाजवताना त्याचं नाव मोठ्याने म्हण. नाव अडखळलं तर तो सूर तुला येत नाही, तुझ्या बोटाला फक्त जागा येते. टॅब पाहून शिकलेल्यांचं इथेच अडतं : टॅब जागा सांगतो, नाव सांगत नाही.

मग एकच सूर घे, ए शार्प, आणि सहाही तारांवर शोध. पहिल्या आणि सहाव्या तारेवर सहावा फ्रेट, दुसरीवर अकरावा, तिसरीवर तिसरा, चौथीवर आठवा, पाचवीवर पहिला. चौथ्या तारेचा आठवा बघ. तुझ्या बॉक्समधल्या सातव्या आणि नवव्याच्या बरोब्बर मध्ये तो बसलाय. रोज त्याच्यावरून उडी मारून जात होतास.

हे जमलं की गाणं लाव आणि कॉर्डमागे एकच सूर वाजव, तो त्या कॉर्डचा तिसरा. क्रम असा : डी, ए शार्प, सी शार्प, जी शार्प, बी, एफ शार्प, जी, ए शार्प. तीन सेकंद तो सूर नुसता धरायचा. कंटाळा येईल. पण या आठ सुरांतच कॉर्डची सगळी चाल ऐकू येते, आणि डॉन फेल्डर व जो वॉल्श शेवटी दोन गिटारींवर मिळून जे उतरत जाणारे तुकडे वाजवतात, ते प्रत्येक कॉर्डचेच सूर सुटे करून वाजवलेत, हेही कळेल. वरवर तो वेग वाटतो. खाली हिशेब आहे.

ठोका साठवरून एकदम शंभरावर नेऊ नकोस. चार-चारने वाढव. डाव्या हाताचा अंगठा मानेवर आवळला जायला लागला, की चार मागे ये.

पुढच्या रविवारपर्यंत मला त्या सव्वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठव. सूर फक्त आठ. मी वही घेऊन बसतो.

तुझा,
मामा